एका चादरीला एकच गाडी

तिचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गजर लावायची गरज कधीच संपली होती. शरीरच उठवायचं, आणि उठवून झालं की कुरकुरायला लागायचं. आधी गुडघे, मग पाठ, मग उजवा अंगठा. अंगठा ओल्या चादरींनी खाल्ला होता. अंधारात चहा टाकायचा, एक कप झाकून बाबांच्या उशाशी ठेवायचा आणि दार हळूच ओढून घ्यायचं. बाबा जागेच असायचे. पांघरुणातूनच म्हणायचे, "जपून जा, पोरी." पन्नाशीला टेकलेल्या पोरीला हे रोज ऐकावं लागे. ज्या दिवशी ऐकू येत नसे, त्या दिवशी ती चपला काढून परत आत डोकावून येई.

काम मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात. जागा जमिनीखाली. खिडकी छताला टेकलेली, तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. वरच्या मजल्यांवरून मळक्या कपड्यांच्या पिशव्या धपाधप खाली यायच्या आणि त्या निवडायच्या. चादरी एका गाडीत, रुग्णांचे झगे दुसऱ्या, टॉवेल तिसऱ्या, शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे चौथ्या. संसर्गाची लाल पिशवी उघडायचीच नाही, तशीच्या तशी यंत्रात टाकायची. ती आत विरघळते. नियम एकच: एका चादरीला एकच गाडी. हातात आलेला नग परत खाली ठेवायचा नाही. विचार करत उभं राहिलं की मागे ढीग चढतो, आणि ढीग चढला की जेवणाची सुट्टी जाते. नव्या माणसाला हे पहिल्या दिवशी सांगितलं जाई. सांगणारी बहुतेक वेळा तीच असे.

धुतलेल्या चादरी मग तापलेल्या रुळांतून काढायच्या. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, एकदम सोडायची. तिची जोडीदारीण ताडमाड उंच होती, म्हणून तिला सगळे शिडी म्हणत. शिडीनेच हिचं नाव मास्तरीण पाडलं. ही कामावरून सुटून संध्याकाळच्या वर्गाला जायला लागली तेव्हापासूनचं ते नाव. आईच्या आजारपणात शाळा सुटली होती ती मास्तरणीने चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा धरली. बारावी झाली, मग पदवी झाली, आणि आता समाजशास्त्रातली पदव्युत्तर पदवी शेवटच्या वळणावर येऊन रुतली होती.

अडलं होतं ते लघुप्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणावर.

विषय तिला कुठे शोधायला जावं लागलं नव्हतं. इस्पितळाच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या बाजूला, एक प्रार्थनाखोली आहे. इस्पितळ पूर्वी एका धर्मसंस्थेने चालवलेलं. पुढे ते सरकारकडे गेलं, दारावरची पाटी बदलली, व्रतस्थ परिचारिका गेल्या, पगारी आल्या. खोली मात्र राहिली. तिथले पडदे आणि खुर्च्यांची कव्हरं बदलायचं काम मास्तरणीकडे. दर आठवड्याला ती पाहत आली होती, तिथे कोण बसतं ते. देव मानतो असं सांगणारे बसतात, मानत नाही असं सांगणारेही बसतात. हिरव्या कपड्यांतले डॉक्टर भिंतीला डोकं टेकून बसतात. कुणी नुसता डबा खायला येतं. हे तिने एकदा वर्गात बोलता बोलता सांगितलं, आणि शिकवणाऱ्या मॅडम खडू हातात तसाच धरून म्हणाल्या की हाच तुमचा लघुप्रबंध. त्याच मॅडम पुढे तिच्या मार्गदर्शक झाल्या.

खोलीवरची प्रकरणं तिने लिहून टाकली होती. माणसांशी बोलणं, टिपणं घेणं तिला जमलं. पण त्याआधी दुसरं प्रकरण हवं: पूर्वसंशोधनाचा आढावा. आपल्या आधी या विषयावर कोण काय म्हणून गेलं, कुणाचं कुणाशी पटलं नाही, आणि आपला प्रश्न त्यात कुठे बसतो, हे नीट मांडून दाखवायचं. तिच्या बाबतीत वाद होता तो लौकिकीकरणाचा. समाज आधुनिक होत जातो तसतसा धर्म मागे हटत जातो, असा एक जुना सिद्धांत. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध कैक वर्षं लोक लिहीत आले आहेत, अजून लिहिताहेत, आणि ग्रंथालयातली ती मांडणी नुसती बघूनच तिची पाठ धरायची.

नोंदणी महिनाअखेर संपत होती. तोवर हे प्रकरण मान्य झालं तर लघुप्रबंध बांधायला टाकता येणार होता. नाही झालं तर आणखी एका सत्राची फी भरायची, किंवा नाव कमी. फीला जवळजवळ पुरतील एवढे पैसे तिच्याकडे होते, पण ते दुसऱ्या कामासाठी बाजूला काढलेले. इस्पितळभर लोकांच्या चादरी धुणाऱ्या बाईच्या घरी कपडे धुवायचं यंत्र नव्हतं. घरी ती बादलीत धुवायची, हाताने, बाबांच्या गोधड्यांसकट. शिडीला याचं फार हसू यायचं. तर यंत्र पाहून ठेवलं होतं, दुकानदाराशी बोलणं झालं होतं. लघुप्रबंध एकदा हातावेगळा झाला की यंत्र घरात.

दुसऱ्या प्रकरणाचा पहिला खर्डा मॅडमनी परत दिला होता. त्यात तिने सगळे अभ्यासक सालवारीने लावले होते. अमका असं म्हणतो. तमका असं म्हणतो. पुढचा परिच्छेद, पुढचा माणूस. मॅडमनी वर लिहिलं होतं: "ही हजेरी झाली. वाद कुठे आहे?"

शेरा बरोबर होता, तिला पटलाही. मग तिने दुसऱ्यांदा कंबर कसली. धुलाईघरातल्या गाड्यांना अडकवायचे जाड पुठ्ठ्याचे बिल्ले कडा झिजल्या की टाकून देतात, ते मुकादमाला विचारून घरी आणले. प्रत्येक पुस्तकाचा, प्रत्येक लेखाचा एक बिल्ला. मागच्या कोऱ्या बाजूला त्या अभ्यासकाचं म्हणणं चार ओळींत. दुपारी कामावरून आली की जेवणाच्या टेबलावर ते पसरायची. बाबा ताट मांडीवर घेऊन पलंगावर बसायचे, तक्रार न करता, फक्त एकदा म्हणाले, "यातला एखादा मीठ देईल का मला?"

टेबलाच्या डाव्या बाजूला धर्म ओसरतो म्हणणारे. उजव्या बाजूला ओसरत नाही म्हणणारे. हातात आला बिल्ला की कुठल्यातरी ढिगात. तीन-चार बिल्ले मात्र हाताला चिकटून बसले. एक अभ्यासक असा होता की तरुणपणी धर्म आटणार म्हणाला आणि म्हातारपणी म्हणाला, माझं चुकलं. याला कुठे टाकायचं? तिने त्याला उजवीकडे टाकलं, शेवटी तो तिथे गेला म्हणून. दुसऱ्याचं म्हणणं, लोकांची श्रद्धा कमी झाली की नाही हा प्रश्नच नाही, धर्मसंस्थेचा हुकूम किती जागी चालतो ते बघा. हा डावीकडे. तिसऱ्याने जुन्या सिद्धांताचे तीन तुकडे केले होते: शाळा, न्यायालयं, इस्पितळं धर्मापासून सुटी झाली हा एक, लोकांची श्रद्धा आणि आचार घटला हा दुसरा, धर्म घरापुरता उरला हा तिसरा. त्यातला पहिला तेवढा खरा धरला, बाकीचे दोन सगळीकडे लागू होतातच असं नाही म्हणाला. याच्यावर ती बराच वेळ अडली. मग डाळ उतू गेली, तिने उठून गॅस बंद केला आणि येता येता त्याला उजव्या ढिगात सरकवलं.

दोन ढीग, दोन भाग. आधी बाजूचे, मग विरुद्ध, शेवटी आपलं मत. सगळं लिहून काढलं आणि तिला वाटलं, सुटले.

शिडीने रुळांपाशी चादर ताणताना विचारलं, "मग मास्तरीणबाई, देव आहे का गेला? लागला का निकाल?"

"अजून मतं मोजतेय," मास्तरीण म्हणाली.

"लवकर मोज. मला सुट्टीचा अर्ज कुणाच्या नावाने करायचा ते कळू दे."

मॅडमची खोली विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत, जिन्याखाली. त्यांना कायमची नोकरी नव्हती. दोन ठिकाणी शिकवायच्या आणि मधल्या वेळात इथे विद्यार्थ्यांना भेटायच्या. मास्तरणीपेक्षा वयाने लहान, पण डोळ्यांखाली तीच काळी वर्तुळं. दुपारची वेळ होती. मास्तरीण सरळ पाळीवरून आलेली, अंगाला साबणाचा वास, खुर्चीत टेकताच डोळे मिटायला लागलेले. मॅडम पेन्सिल घेऊन वाचत होत्या. पानं उलटत होत्या, पेन्सिल मात्र कागदाला लागत नव्हती. तिला ते बरं वाटलं. मग जरा वेळाने ते बरं वाटेनासं झालं.

वाचून झाल्यावर मॅडमनी आधी सरळ सांगून टाकलं की हे चालून जाईल. परीक्षक कडक नाहीत, भाषा स्वच्छ आहे, वाचन भरपूर आहे. काठावर का होईना, पास होईल. तुम्ही किती दमला आहात ते मला दिसतंय, म्हणून हे आधी सांगते.

"आणि नंतरचं काय?" मास्तरणीने विचारलं.

मॅडमनी दोन पानं काढून शेजारी शेजारी ठेवली. एका पानावरचा अभ्यासक म्हणत होता, शाळा आणि न्यायालयं धर्माच्या हातून गेली, म्हणून लौकिकीकरण झालं. दुसऱ्या पानावरचा म्हणत होता, जिथे अनेक पंथ गिऱ्हाइकासाठी चढाओढ करतात तिथे लोक प्रार्थनेला जास्त जातात, म्हणून लौकिकीकरण झालं नाही. मध्ये मास्तरणीने लिहिलं होतं: 'याला उत्तर देताना.'

"हे दोघं भांडतच नाहीयेत," मॅडम म्हणाल्या. "एक समाजाच्या व्यवस्थांबद्दल बोलतोय. दुसरा माणसं मोजतोय. दोघंही एकाच वेळी खरे असू शकतात. तुम्ही त्यांना भांडायला लावलंय."

मास्तरणीने पानं जवळ ओढून पुन्हा वाचली. खरंच, दुसऱ्याने पहिल्याच्या मुद्द्याला हातही लावला नव्हता. उत्तर तिनेच त्याच्या तोंडात घातलं होतं.

मॅडम मग थोडं सविस्तर बोलल्या. बाजूचा की विरुद्ध, हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे. तुझ्या मते नेमकं काय घटलं? कुठल्या पातळीवर, सगळ्या समाजात, एखाद्या संस्थेत, की माणसाच्या मनात आणि वागण्यात? आणि हे तू कशावरून म्हणतोस, कुठल्या देशातलं बघून? उत्तरं जुळतील तिथेच दोघांना समोरासमोर उभं करायचं. बाकीच्या ठिकाणी वाद नाही, नुसता गोंगाट आहे, आणि तो गोंगाट वेगळा काढून दाखवणं हेच आढाव्याचं काम.

ज्याने जुन्या सिद्धांताचे तीन तुकडे केले, त्याच्या नावावर मॅडमनी बोट ठेवलं. "याला तुम्ही विरोधकांत घातलंत. पहिल्या तुकड्यात हा सिद्धांताच्या बाजूने आहे. अर्धा माणूस गेला की तुमच्या हातून."

"मग याला ठेवू कुठे?"

"जिथे जिथे लागेल तिथे. तीनदा आणा."

"एकाच माणसाला तीनदा?"

"का नाही? एकाला एकदाच उभं करायचं, असा नियम कुठे आहे?"

नियम कुठे आहे ते मास्तरणीला चांगलं ठाऊक होतं. जमिनीखाली आहे, गाड्यांच्या रांगेपाशी, आणि तो तिच्या हातांत इतका मुरला होता की तो नियम आहे हेसुद्धा ती विसरली होती. हात एवढे जुने झाले की विचारत नाहीत, टाकून मोकळे होतात. तिने बाबांच्या टेबलावर अख्खा वाद निवडून धुवायला टाकला होता.

तिने शेवटचं एक विचारून घेतलं. बाबांचं उदाहरण आढाव्यात घालू का? बाबा आई गेल्यापासून प्रार्थनाघरात गेले नाहीत, पण पहाटेची प्रार्थना रेडिओवर एक दिवस चुकवत नाहीत. श्रद्धा आहे पण जाणं नाही, असं एका अभ्यासिकेने म्हटलंय, त्यात ते चपखल बसतात. मॅडम पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, "वडील गोड आहेत, पण ते पूर्वसंशोधन नाहीत."

हे सगळं दुरुस्त करायला किती वेळ लागेल, हे मास्तरणीने विचारलं. मॅडम खोटं बोलल्या नाहीत. महिनाअखेरपर्यंत होणार नाही, म्हणाल्या. बिल्ले पुन्हा लिहायचे म्हणजे पुस्तकं पुन्हा उघडायची. आहे तसं दिलंत तर मी सही करते. विचार करा आणि सांगा.

बसमध्ये तिला झोप लागली आणि ती दोन थांबे पुढे गेली. उलट चालत येताना रागही येईना, एवढी ती थकली होती. कुठल्या तरी तळघरातली एक बाई काय लिहिते याने कुणाचं काय अडलंय? परीक्षक चाळतील, शिक्का मारतील, ग्रंथालय एका फळीवर ठेवून देईल. यंत्र घरी येईल. गोधडी पिळताना अंगठ्यातून जी कळ खांद्यापर्यंत जाते, ती पुन्हा उठणार नाही. दाराशी येईपर्यंत तिने ठरवून टाकलं होतं. सही घ्यायची.

दुसऱ्या दिवशी पडदे बदलायला ती प्रार्थनाखोलीत गेली. एक म्हातारा एकटाच बसला होता. त्याने विचारलं की ही खोली कुणाची, म्हणजे कुठल्या लोकांची. कुणाचीच नाही, इस्पितळाची आहे, तिने सांगितलं. त्यावर तो म्हणाला की मग ठीक आहे, आणि डोळे मिटून पुटपुटायला लागला.

पडदा हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. संस्था धर्माच्या हातून कधीच सुटली होती, आणि संस्था सुटली म्हणूनच हा माणूस इथे बिनघोर बसला होता. एक गोष्ट घटलेली, दुसरी त्याच खोलीत जिवंत. तिच्या दोन ढिगांपैकी कुठल्याच ढिगात ही खोली मावत नव्हती. म्हणजे तिने लिहिलेलं दुसरं प्रकरण खरं धरलं, तर तिच्या चौथ्या प्रकरणातली खोली अस्तित्वातच नव्हती. काठावर पास होण्याचं तिला वावडं नव्हतं. आयुष्यात कितीतरी गोष्टी ती काठावरच पास झाली होती. पण ज्या लोकांनी तिच्यापाशी बसून आपलं दुखणं सांगितलं, त्यांच्यापुढे असा दरवाजा बांधायचा की ज्यातून तेच आत येऊ शकत नाहीत, हे तिला नको वाटलं. पडदा अडकवून ती खाली गेली.

त्याच आठवड्यात पगार झाला. ती विद्यापीठाच्या खिडकीवर गेली आणि पगाराच्या पैशांत यंत्राचे पैसे घालून पुढच्या सत्राची फी भरून आली. घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा रेडिओचा आवाज कमी करून म्हणाले, "म्हणजे टेबल अजून मिळत नाही मला."

"नाही."

"बरं," म्हणाले आणि आवाज पुन्हा वाढवला.

मग सुरू झालं ते नुसतं ओझं वाहणं होतं. त्यात गोष्ट सांगण्यासारखं काही नाही. कामावरून सुटायचं, ग्रंथालयात जायचं, पहिलं पान वाचताना डुलकी लागायची, तोंडावर पाणी मारून यायचं, तेच पान पुन्हा वाचायचं. आता बिल्ला माणसाचा नव्हता, म्हणण्याचा होता. एकाच अभ्यासकाचे कधी दोन बिल्ले होत, कधी चार. बिल्ले टेबलावरून पलंगावर गेले, पलंगावरून खिडकीच्या कट्ट्यावर. म्हातारपणी शब्द मागे घेणाऱ्याची पुस्तकं तिने पुन्हा काढली, तरुणपणीचं आणि म्हातारपणीचं, दोन्ही. तेव्हा दिसलं की त्याने सगळं मागे घेतलंच नव्हतं. आधुनिकता आली की धर्म आटतोच, हे त्याने सोडलं. पण आजूबाजूला दहा प्रकारच्या श्रद्धा दिसायला लागल्या की माणसाची स्वतःची श्रद्धा गृहीत राहत नाही, निवडावी लागते, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. पहिल्या खर्ड्यात आणि दुसऱ्याही खर्ड्यात तिने त्या माणसाला एका वाक्यात उडवलं होतं.

हळूहळू प्रकरणाला आकार आला. सुरुवातीला जुना सिद्धांत, पण अखंड नाही, त्याच्या आतले दावे सुटे करून. मग समाजाची पातळी: व्यवस्था धर्मापासून सुटल्या यावर बऱ्याच जणांचं एकमत, खरा वाद एवढाच की त्यामुळे धर्म खाजगी होतो का, कारण काही ठिकाणी तो राजकारणात आणि रस्त्यावर पुन्हा आलेला दिसतो. मग माणसाची पातळी: श्रद्धा वेगळी, जाणं वेगळं, आणि मोजायचं तरी कसं. काही जणांनी पाहणीतली उत्तरं आणि प्रत्यक्ष डोकी ताडून पाहिली होती. लोक जेवढं जातो म्हणतात त्याच्या जवळजवळ निम्मेच जात होते. मग कारणांचा वाद. एक गट म्हणतो, पंथांत चढाओढ असली की धर्म टिकतो. दुसरा म्हणतो, जिथे पोटाची आणि आजारपणाची चिंता मिटते तिथे तो ओसरतो. इथे खरी झुंज होती, कारण दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलत होते. शिवाय काही जणांचा आक्षेप असा की मोजायची पट्टीच एका खंडाच्या इतिहासातून कापलेली आहे, ती सगळ्यांच्या अंगाला लावू नका. आणि शेवटी संस्थेची पातळी. तिथे बिल्ले अगदी थोडे निघाले. धर्माच्या हातून सुटलेल्या संस्थेच्या आत धर्माला जागा कोण देतं, कशी देतं, आणि तिथे येणारी माणसं तिचं काय करतात, याबद्दल तिला फार कमी सापडलं. ती मुद्दाम आणखी शोधत राहिली, मोकळी जागा आहे असं उगीच म्हणायला नको म्हणून. थोडं मिळालं, तेही लावलं. तरी जागा उरली. तिच्या प्रार्थनाखोलीएवढी.

या काळात शिडी तिची टोकं सांभाळून घ्यायची. एक-दोनदा मास्तरणीच्या हातून चादर वेळेआधी सुटली आणि रुळात चुणी पडली. शिडी रागावली नाही. फक्त म्हणाली की देवाचा निकाल लागेपर्यंत आपल्या दोघींचा निकाल लागणार. मग तिने पुन्हा तोच प्रश्न केला, या वेळी थट्टेने नाही. गेला का गं तो खरंच?

"कोणाचा, आणि कुठून, ते आधी सांग," मास्तरीण म्हणाली. "मग सांगते."

शिडीने चादरीचं टोक उचललं. "एवढी फी भरून हे शिकलीस?"

"हेच शिकले."

मॅडमनी नवा खर्डा घरी नेऊन वाचला. पुढच्या भेटीत पानांवर पेन्सिलीच्या खुणाच खुणा होत्या. इथे वाक्य लांबलंय, इथे संदर्भ अर्धा आहे, इथे दोघांना अजून थोडं बोलू द्या. मास्तरणीने सगळं उतरवून घेतलं. शेवटच्या पानावर, जिथे आढावा संपून तिचा स्वतःचा प्रश्न सुरू होत होता, तिथे एकही खूण नव्हती. मॅडमनी ते पान उलटं करून सही केली. जांभई दाबत म्हणाल्या, "आता बांधायला टाका. आणि झोपा."

झोपायला अवधी होता. शनिवार होता, आणि बाबांच्या गोधड्या भिजत घातलेल्या होत्या. टेबल मोकळं झालं होतं. बाबा त्यावर दोन्ही कोपरं टेकून, मीठ हाताशी ठेवून जेवत होते. मास्तरणीने बाह्या वर केल्या आणि बादलीपाशी उकिडवी बसली. गोधडी जड होती. पिळताना कळ अंगठ्यातून खांद्यापर्यंत गेली. एवढ्या वर्षांच्या पगारातून बाजूला पडलेले पैसे ज्यात गेले ते दाखवण्यासारखं घरात काही नव्हतं. त्या पैशांत एक सत्र आलं होतं, आणि त्या सत्रात एका प्रकरणातली थोडीशी पानं, ज्यांत कुणालाही त्याने न म्हटलेलं म्हणायला लावलेलं नव्हतं.

तिने गोधडी दोरीवर टाकली आणि दुसरी बाहेर काढली.